गच्चीवरची टाकी आणि आत्याचा फोन: व्होल्ट, अँपिअर आणि वॉट म्हणजे नेमकं काय

सांगलीला आत्याकडे गेलो की पहिल्या चहाबरोबर घरातल्या बिघडलेल्या वस्तू समोर येतात. या वेळी समोर आला तो फोन. बिघडलेला नव्हता, पण तिची तक्रार साधी आणि रास्त होती.

"अरे, हा चार्जर फास्ट आहे म्हणून सांगितलं होतं ना? मग रात्री अकराला लावलेला फोन पहाटे पाचला फिरायला निघते तेव्हाही जेमतेम ऐंशी टक्के का?"

चार्जर फोनसोबत आलेला, चांगला. केबल मात्र बदललेली. मूळची केबल एक मीटरची, ती पलंगापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिने बाजारातून दोन मीटरची, पांढरी, मऊशी केबल साठ रुपयांना आणली होती. घोटाळा तिथेच असणार हे मला दिसत होतं. पण "केबल बदल" एवढंच सांगितलं असतं तर आत्या म्हणाली असती, "का? तार तर तारच." आणि त्या "का"चं उत्तर व्होल्ट, अँपिअर आणि वॉट समजल्याशिवाय देता येत नाही. सुदैवाने आत्याला पाणी कळतं. तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहून पाणीपट्टी, मोटर आणि टाकी यांवर तिने वीस वर्षं भांडणं केली आहेत. मग आम्ही पाण्यापासूनच सुरुवात केली. तोच क्रम इथे ठेवतो.

टाकी किती उंच, पाणी किती, पाइप किती बारीक

गच्चीवर काळी टाकी आहे. आत्याच्या नळापासून ती साधारण १० मीटर उंच. नळ बंद असतानाही त्या पाइपात पाणी दाबून उभं असतं, तोटीला अंगठा लावून नळ उघडा म्हणजे कळेल. हा दाब म्हणजे व्होल्ट. टाकी जितकी उंच, तितका दाब जास्त. तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला तीच टाकी जेमतेम ३ मीटर वर आहे, म्हणून त्यांच्या शॉवरला जोर नाही, आणि म्हणूनच सोसायटीच्या बैठकीत ते नेहमी आधी बोलतात.

यात एक बारीक गोष्ट आहे. "टाकी उंच आहे" असं नुसतं म्हणून भागत नाही, कशापासून उंच ते सांगावं लागतं. व्होल्टचंही तसंच, तो नेहमी दोन जागांमधला फरक असतो. चार्जरच्या केबलमध्ये वीज नेणारी एक तार आणि परत आणणारी दुसरी तार असते. "५ व्होल्ट" याचा अर्थ या दोन तारांमध्ये ५ व्होल्टांचा फरक.

आता नळ उघडा. मिनिटाला किती लिटर पाणी पडतं, तो प्रवाह. विजेत त्याला अँपिअर म्हणतात, बोलताना आपण नुसतं "अँप" म्हणून मोकळे होतो. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. ५०० मिलिअँपिअर म्हणजे अर्धा अँप.

तिसरी गोष्ट पाइप. टाकी तीच, नळ पूर्ण उघडा, पण पाइप पाऊण इंचीऐवजी अर्धा इंची असेल, किंवा जुना जीआय पाइप आतून क्षाराने भरत आला असेल, तर पाणी कमी येतं. पाइपच्या या अडवणुकीला विजेत रोध म्हणतात, मोजतात ओहममध्ये. पाइप जितका लांब आणि जितका बारीक तितका रोध जास्त. तारेचंही हेच: लांब तार, बारीक तार, जास्त ओहम.

राहिला वॉट. इथे बहुतेक लोक अडखळतात, कारण वॉट डोळ्यांना दिसत नाही. वॉट म्हणजे दाब आणि प्रवाह मिळून दर सेकंदाला किती काम होतं ते. उंचावरून टपकणारा थेंब चक्की फिरवत नाही, आणि सपाटीवरून संथ वाहणारं पाटाचं पाणीही फिरवत नाही. दाबही हवा आणि पाणीही हवं. म्हणून हिशेब गुणाकाराचा:

```
W = V × A
```

हे नुसतं रूपक नाही, पाण्याचे खरोखरचे वॉट काढता येतात. आत्याच्या मोरीतला नळ १२ लिटरची बादली एका मिनिटात भरतो. म्हणजे सेकंदाला २०० मिलिलिटर, तेही १० मीटर उंचीवरून. याचा हिशेब केला तर साधारण २० वॉट येतात. फोनचा १८ किंवा २० वॉटचा चार्जर म्हणजे एवढंच: तीन मजले उंच टाकीतून मिनिटाला एक बादली. आत्याला हे इतकं पटलं की ती मोरीत जाऊन नळ सोडून बघून आली.

कोयनेलाही याहून वेगळं काही चालत नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी खाली सोडायचं, उंची आणि प्रवाह यांच्या गुणाकाराइतकी शक्ती टर्बाइनला मिळते आणि तीच पुढे तारांतून येते.

उपमा कुठे तुटते तेही सांगून टाकतो, नाहीतर पुढे घोळ होतो. पाइप कापला तर पाणी भळाभळा बाहेर येतं. तार कापली तर वीज बाहेर सांडत नाही, थांबते, कारण तिला परतीचा रस्ता लागतो. म्हणून सॉकेट नुसतं चालू ठेवलं तर बोर्डातून वीज "गळत" नाही.

चार्जरवरची बारीक अक्षरं

चार्जर हातात घ्या, खिडकीत जा, लागला तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. आत्याच्या चार्जरवर हे छापलं आहे:

```
INPUT:  100-240V~ 50/60Hz 0.5A
OUTPUT: 5V⎓3A  9V⎓2A
```

पहिली ओळ भिंतीकडची. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात, ते १०० ते २४० मध्ये बसतात, विषय संपला. नागमोडी खूण म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, जशी भिंतीत असते. खालच्या ओळीतली सरळ रेघ आणि तिच्याखालच्या तुटक रेघा म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, जशी बॅटरीला लागते.

दुसरी ओळ आपल्या कामाची. तिच्यात दोन जोड्या आहेत आणि त्या एकत्र वाचायच्या नसतात. हा चार्जर एकतर ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ३ अँप देईल, किंवा ९ व्होल्टवर जास्तीत जास्त २ अँप. गुणाकार करा: ५ गुणिले ३ म्हणजे १५ वॉट, ९ गुणिले २ म्हणजे १८ वॉट. खोक्यावर ठळक छापलेले "१८ वॉट" ही त्यातली मोठी संख्या. ते मिळायला चार्जरला ९ व्होल्टवर जावं लागतं. तो ५ वरच अडकला तर खोक्यावरचा आकडा खोक्यावरच राहतो.

एखाद्या चार्जरवर फक्त 5V⎓2A असं लिहिलेलं असेल तर तो १० वॉटचा, मग त्यावर विजेचं चित्र काढलेलं असो वा "सुपर" लिहिलेलं असो.

नळ फोनच्या हातात असतो

इथे आत्याने विचारलं, ते मला खूप जण विचारतात. "मग मुलीचा तो मोठा ६५ वॉटचा चार्जर माझ्या फोनला लावला तर फोन जळेल का रे?"

गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली म्हणून तुमचा पेला फुटतो का? पाणी किती घ्यायचं ते नळ उघडणारा ठरवतो. चार्जरवर छापलेले अँप ही चार्जरची ऐपत आहे, तो ते फोनमध्ये ढकलत नाही. फोनच्या आत चार्जिंग सांभाळणारी एक चिप असते, नळ तिच्या हातात. तिला २ अँप हवे असतील तर ३ अँपच्या चार्जरमधूनही २ च घेते.

व्होल्टचं मात्र असं नाही. दाब वरून लादलेला असतो. नळ सोसेल त्याच्या कितीतरी पट दाब आला तर नळच फुटतो. म्हणून चांगले चार्जर सुरुवात कायम ५ व्होल्टने करतात. केबल जोडली की फोन आणि चार्जर केबलमधल्याच वेगळ्या बारीक तारांवरून आपसात बोलतात. फोन विचारतो, नऊ देतोस का? चार्जर हो म्हणाला तरच दाब वाढतो. दोघांना एकमेकांची भाषा कळली नाही, तर कोणी काही वाढवत नाही, काम ५ व्होल्टवर सावकाश चालतं. मुलीचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर आत्याच्या फोनला लावला तर फोन जळणार नाही. कदाचित भाषा जुळेल आणि झटपट चार्ज होईल, कदाचित कंपन्यांच्या भाषा वेगळ्या निघतील आणि १० वॉटच मिळतील. मोठा चार्जर आणूनही फोन हळू भरतो, त्याचं नेहमीचं कारण हे.

ज्याला भाषाच येत नाही असा चार्जर मात्र जपून. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि त्याच्या पिनेवर बसवायचा टाइप-सी जोड कुठे मिळाला, तर तो फोनला लावू नका. तो विचारत नाही, थेट १२ व्होल्ट देतो.

केबलमध्ये दाब जातो कुठे

आता आत्याच्या पांढऱ्या केबलकडे. माझ्या बॅगेत यूएसबी टेस्टर असतात. अंगठ्याएवढी वस्तू, मधे लावायची, व्होल्ट आणि अँप दाखवते, ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. माझ्याकडे दोन आहेत, एक चार्जरच्या चपट्या तोंडात बसणारा, दुसरा टाइप-सी, फोनच्या बाजूचा. दोन्ही लावले.

आधी फोन न जोडता बघितलं. चार्जरकडे ५.१ व्होल्ट, केबलच्या फोनकडच्या टोकालाही ५.१. आत्या म्हणाली, "बघ, केबल चांगली आहे."

तिची चूक नव्हती. नळ बंद असताना पाइप कितीही बारीक असला तरी शेवटच्या तोटीपर्यंत पूर्ण दाब पोहोचतो. पाणी वाहतच नाही, तर अडणार काय? अडवणूक कळते ती वाहायला लागल्यावर. सकाळी सात वाजता खाली चार जण नळ सोडतात तेव्हाच तिसऱ्या मजल्याचा शॉवर रडतो, दुपारी तीनला नाही. केबल तपासायची तर फोन जोडून, चार्ज होत असतानाच तपासायची.

फोन जोडला, बॅटरी २२ टक्क्यांवर होती. अँपचा आकडा चढत ०.९ पर्यंत गेला. त्या क्षणी फोनकडच्या टोकाला व्होल्ट पडून ४.३ च्या जरा वर आले. लगेच अँप खाली उतरले आणि ०.६५ वर स्थिरावले. आता चार्जरच्या टोकाला ५.१० व्होल्ट, फोनच्या टोकाला ४.५५. अँप दोन्हीकडे सारखेच, कारण पाइपात जितकं पाणी शिरतं तितकंच बाहेर पडतं. हरवला तो दाब: ०.५५ व्होल्ट.

हे जे घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. फोनने नळ थोडा जास्त उघडून पाहिला. पाणी वाढलं तसा बारीक पाइपात दाब मरायला लागला. ठरावीक पातळीच्या खाली दाब जातोय हे दिसताच फोनने नळ परत आवळला. मागे चार्जर ३ अँप द्यायला तयार उभा आहे, इकडे फोनही तहानलेला आहे, आणि मधली साठ रुपयांची केबल दोघांना भेटू देत नाही.

केबलचा रोध काढायचा तर हरवलेल्या व्होल्टना अँपने भागा. ०.५५ भागिले ०.६५, साधारण ०.८५ ओहम. स्वस्त केबलमध्ये केसासारखी बारीक तार घालतात, त्या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. केबल दोन मीटर, पण वीज जाते आणि परत येते, म्हणजे तार चार मीटर. चार गुणिले ०.२१, तेच ०.८५. हिशेब असा जुळला की मला फार बरं वाटतं. आत्याने मात्र तोवर पोहे फोडणीला टाकले होते.

फोनला मिळालेले वॉट: ४.५५ गुणिले ०.६५, म्हणजे जेमतेम ३. चार्जर १८ वॉटचा, पोहोचतात ३.

मग हा चार्जर ९ व्होल्टवर का गेला नाही? केबल मी लॅपटॉपला लावून पाहिली. फोन चार्ज होत होता, पण लॅपटॉपला फोन जोडल्याचं कळतच नव्हतं. म्हणजे आत फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा आहेत, बोलायच्या बारीक तारा बनवणाऱ्याने वाचवल्या. या फोनची आणि चार्जरची बोलणी त्याच तारांवरून होतात. बोलायला तारच नाही, तर नऊ मागणार कशाने? अशा चपट्या तोंडाच्या केबलची ही परीक्षा घरच्या घरी करता येते, फुकट.

नऊ व्होल्टचा खटाटोप कशासाठी

समजा हट्टाने याच केबलमधून ५ व्होल्टवर २ अँप ओढले. ०.८५ ओहममध्ये २ अँपला १.७ व्होल्ट हरवतात. पाचातून १.७ गेले, राहिले ३.३. आणि फोनची बॅटरी स्वतःच ३.८ व्होल्टच्या आसपास असते. खालच्या टाकीतली पातळी वरच्यापेक्षा उंच झाली तर पाणी चढणार कसं? चार्जिंग थांबलंच म्हणा.

आता तेच २ अँप, पण ९ व्होल्टवर. हरवणारे व्होल्ट तेच, १.७, कारण ते फक्त अँप आणि तार यांवर ठरतात. पण नवातून १.७ गेले तरी ७.३ उरले. फोनची चिप ते बॅटरीला लागेल इतके खाली उतरवून घेते आणि त्या बदल्यात अँप वाढवते. केबलमध्ये तीच गळती झाली, पोहोचलेले वॉट दुपटीहून जास्त.

म्हणून वॉट वाढवायचे असतील तर शक्यतो दाब वाढवा, प्रवाह नको. तार तापते ती प्रवाहाने, आणि तीही वर्गाने: अँप दुप्पट केले की उष्णता चौपट. डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या मनोऱ्यांच्या तारांत २२० किंवा ४०० हजार व्होल्ट असतात, ते याच कारणासाठी. काही फोन कंपन्यांनी उलटा रस्ता धरला, व्होल्ट कमी आणि अँप भरपूर, कारण मग फोनच्या आत दाब उतरवताना होणारी उष्णता वाचते. पण त्यांना केबल जाड द्यावी लागते आणि तीच वापरा असं बजावून सांगावं लागतं. टाइप-सी ते टाइप-सी केबल साधारणपणे ३ अँपपर्यंत धरायची. ५ अँप नेणाऱ्या केबलच्या टोकात एक छोटी चिप असते, ती चार्जरला सांगते की मला झेपतंय.

मूळची एक मीटरची केबल लावली. दोनच सेकंदांत व्होल्ट उडी मारून नवावर गेले. चार्जरकडे ९.१, फोनकडे ८.८, अँप १.८. गुणाकार जवळजवळ १६ वॉट. तीनाचे सोळा झाले, फोन तोच, चार्जर तोच.

भरायचंय किती

प्रवाह कळला, पण टाकी केवढी आहे ते कळल्याशिवाय वेळ सांगता येत नाही. बॅटरीवर 5000mAh लिहिलेलं असतं. म्हणजे एक अँप घेतला तर पाच तास पुरेल, पाच घेतले तर एक तास. पण हे नुसते लिटर झाले. टाकी किती उंचावर आहे ते त्यात नाही. खरी साठवण काढायची तर व्होल्टने गुणावं लागतं: ५ अँपतास गुणिले ३.८७ व्होल्ट, म्हणजे साधारण १९.४ वॉटतास. बहुतेक बॅटऱ्यांवर हा आकडा Wh म्हणून छापलेला असतोच.

हेही पाण्यात सांगता येतं. १९.४ वॉटतास म्हणजे १० मीटर उंच टाकीतलं ७०० लिटर पाणी. आत्याच्या हातातल्या फोनच्या बॅटरीत जवळजवळ आख्खी गच्चीवरची टाकी मावते.

आता वेळ काढू. फोनला मिळणाऱ्या वॉटपैकी दहाएक टक्के उष्णतेत जातात असं धरा. पांढऱ्या केबलचे ३ वॉट म्हणजे बॅटरीत २.७. सहा तासांत १६ वॉटतास, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या आसपास. रात्री अकरा ते पहाटे पाच. आत्याची तक्रार आकड्यासकट खरी निघाली.

चांगल्या केबलवर १६ चे १४ धरले तर अर्धी बॅटरी पाऊण तासाच्या आत भरते. पण मग पूर्ण बॅटरी दीड तासात भरेल असं समजू नका. बॅटरी भरत येते तसे तिचे व्होल्ट चढतात, आणि तिला ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाबता येत नाही. पिंप काठोकाठ भरताना आपण नळ बारीक करतो, तसं चिप अँप कमी करत नेते. ऐंशीच्या पुढचे टक्के रेंगाळतात, त्यात चार्जरचा किंवा केबलचा दोष नसतो. टेस्टरवर शेवटी ०.३ अँप दिसले म्हणून केबल फेकू नका. तपासणी नेहमी बॅटरी २० ते ५० टक्के असताना करा.

पॉवरबँक घेताना हाच लिटरचा सापळा असतो. 10000mAh म्हणजे पाच हजारांचे दोन फोन भरणार असं वाटतं. ते दहा हजार आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचे, म्हणजे ३७ वॉटतास. ते ५ व्होल्टपर्यंत चढवताना आणि फोनमध्ये परत उतरवताना घट होते. हाती साधारण दीड फोन लागतो. पॉवरबँकेवर बारीक अक्षरांत Rated Capacity म्हणून सहा हजारांच्या आसपासचा आकडा असतो, तो वाचून घ्यावा.

टेस्टर नसेल तर घड्याळ

यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही. फोन २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरू द्या. स्क्रीन बंद, शक्य तर विमान मोड. टक्के आणि वेळ लिहून ठेवा, चार्जिंगला लावा, बरोबर अर्ध्या तासाने परत टक्के बघा. मग हे:

```
W = Wh × वाढलेले टक्के ÷ 100 ÷ तास
```

आत्याच्या फोनवर पांढऱ्या केबलने अर्ध्या तासात ७ टक्के वाढले. १९.४ गुणिले ७ भागिले १०० म्हणजे १.३६, त्याला अर्ध्याने भागलं की २.७ वॉट. बॅटरीत पोहोचणारे म्हणून जो आकडा वर काढला होता, तोच. मूळ केबलने त्याच अर्ध्या तासात ३६ टक्के.

चार्जरवरच्या वॉटच्या निम्म्याहूनही कमी मिळत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. आधी केबल. मग चार्जर. दोन्ही बदलूनही सुधारणा नसेल तर फोनचं भोक बघा: खिशातला कापूस तिथे दाबून बसतो आणि पिना अर्धवट टेकतात. म्हणजे तोटीच्या तोंडातच कचरा. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा, टाचणी नको. केबलच्या टोकाला बोट लावूनही पुष्कळ कळतं. केबलचं एखादं टोक चार्जरपेक्षा जास्त तापत असेल तर दाब तिथेच मरतोय आणि त्याची उष्णता होतेय. अशी केबल ठेवू नका. आणि फोनच गरम झाला असेल, उन्हात किंवा जाड कव्हरात, तर चिप मुद्दाम नळ आवळते. तेव्हा आधी फोन थंड होऊ द्या.

पलंगापर्यंत कसं पोहोचायचं

राहिला आत्याचा मूळ प्रश्न: एक मीटरची केबल पलंगापर्यंत येत नाही. जाड तारेची दोन मीटरची चांगली केबल मिळते, तोही मार्ग आहे. पण त्याहून सोपा मार्ग आपल्याच हिशेबात आहे. लांबी ५ किंवा ९ व्होल्टच्या बाजूला वाढवायचीच कशाला? ती २३० व्होल्टच्या बाजूला वाढवा. १८ वॉटच्या चार्जरला भिंतीतून ०.२ अँपसुद्धा लागत नाहीत. इतका कमी प्रवाह आणि इतका मोठा दाब असताना तीन मीटरच्या एक्स्टेंशन बोर्डच्या तारेत हरवतं ते मोजायच्याही लायकीचं नसतं.

माळ्यावर आयएसआय शिक्क्याचा एक्स्टेंशन बोर्ड पडून होता. तो भिंतीकडेने उशाशी आणला, चार्जर त्यात, मूळची केबल फोनला. आत्याने लगेच विचारलं, "मग यावरच पाणी तापवायची कॉइल लावली तर?" त्याचं उत्तर तिने स्वतः काढावं म्हणून कॉइलवर किती वॉट लिहिलेत ते बघायला सांगितलं. १५००. भागिले २३०, साडेसहा अँप. चार्जरच्या तीसेक पट. बोर्डावर 6A छापलेलं होतं. तिने तो आकडा दोनदा वाचला, आणि कॉइल मोरीतल्या मोठ्या पॉइंटलाच परत गेली.

पंधरा दिवसांनी फोन आला. आता रात्री लावतच नाही, सकाळी देवपूजा आणि नाश्ता होईपर्यंत वीसचे नव्वद होतात म्हणाली. त्या पांढऱ्या केबलने तिने अंगणातला दोडक्याचा वेल जाळीला बांधला आहे.